भाजीची पेटी : उसासारखीच नोंद, उसासारखीच तोड



उसाचे बिल हप्त्याने येते आणि घरखर्च मात्र रोजचा असतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. म्हणून पुलगाव परिसरातील पुष्कळ सभासद विहिरीजवळच्या पाच-दहा गुंठ्यांत भाजी करतात. कष्टाने काढलेली ही भाजी पहाटे बाजारात न्यायची आणि तिथे जो भाव पुकारला जाईल तो घेऊन परत यायचे, हा नेहमीचा अनुभव. मेथीचे ढीग पडले की गाडीभाडेही निघत नाही. अशा वेळी काही सभासद आम्हाला विचारतात की, शहरात म्हणे लोक सेंद्रिय भाजीची पेटी आठवड्याला घरपोच घेतात आणि पैसे आगाऊ देतात, ते आपल्याला जमेल काय?

जमेल. पण ते दुकानदारीसारखे करायला गेलात तर जमणार नाही, कारखान्यासारखे केले तर जमेल. कारखाना हंगामाच्या दिवशी उठून "आज ऊस कोणाकडे आहे हो?" असे विचारत फिरत नाही. लागवडीची नोंद आधी होते, लागवडीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम ठरतो, तुटलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडतो आणि दराचे धोरण सर्वांना माहीत असते. भाजीच्या पेटीचे अगदी हेच आहे. या लेखात आम्ही तोच क्रम धरून सांगणार आहोत.

ही पद्धत आली कोठून

जपानमध्ये १९७१ साली सेंद्रिय शेतीची संघटना स्थापन झाली. कीटकनाशके आणि कारखान्यांचे प्रदूषण यांनी धास्तावलेल्या शहरी गृहिणींनी त्या काळात थेट शेतकऱ्यांशी करार केले. शेतकऱ्याने विषारी औषध न मारता पिकवायचे आणि जे पिकेल ते सगळे या कुटुंबांनी वाटून घ्यायचे. या पद्धतीला तिथे 'तेइकेई' म्हणतात. भाव दोघांनी बसून ठरवायचा, हे तिचे एक तत्त्व. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतही अशी पहिली शेते सुरू झाली. आपल्याकडे पुण्याजवळ मुळशी तालुक्यात ज्ञानेश्वर बोडके यांनी उभ्या केलेल्या अभिनव फार्मर्स क्लबने भाजी मध्यस्थाशिवाय शहरातील घरांपर्यंत पोहोचवून दाखवली.

जपानच्या गोष्टीचा उत्तरार्धही लक्षात ठेवावा. पुढे गृहिणी नोकरीला जाऊ लागल्या. भाजी उतरवून घेणे, वाटणे, हिशेब ठेवणे ही फुकटची कामे करायला त्यांना वेळ उरला नाही आणि पुष्कळ गट आटले. म्हणजे भाजी चांगली होती, श्रद्धाही होती, पण घेणाऱ्याच्या घरातली सोय बदलली. हा धडा शेवटी कामी येणार आहे.

कायद्याची अडचण आता फारशी नाही. महाराष्ट्रात २०१६ पासून फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्यावर बाजार समितीचे नियमन राहिलेले नाही. त्यामुळे शेतातून थेट घरी भाजी देता येते.

आधी नोंद, मग पेरणी, मग गिऱ्हाईक

आपण हिशेबासाठी शंभर कुटुंबे धरू. पुलगाव, तिथली दारूगोळा भांडाराची वसाहत, आणि पुढे वर्धा व सेवाग्राम येथील दवाखाना-कॉलेजातील नोकरदार, एवढ्या टापूत शंभर घरे मिळणे अवघड नाही. प्रत्येकाला आठवड्याला पाच किलोची पेटी द्यायची, तिच्यात सात-आठ प्रकार. म्हणजे दर आठवड्याला ५०० किलो भाजी हवी. ती एकाच्या वावरातून येणार नाही, सात-आठ सभासदांचा गट लागेल.

आता एकट्या मेथीचे पाहा. प्रत्येक पेटीत पाव किलोची जुडी म्हटली तर आठवड्याला २५ किलो मेथी लागली. एका गुंठ्यात सेंद्रिय पद्धतीने ५० किलो निघेल असे सावधपणे धरू. म्हणजे आठवड्याला अर्धा गुंठा पुरे. पण मेथी पेरल्यापासून काढायला चारेक आठवडे लागतात, म्हणून अर्ध्या अर्ध्या गुंठ्याचे चार-पाच वाफे एकामागून एक वेगवेगळ्या वयाचे उभे असले पाहिजेत. एक वाफा काढला की त्याच आठवड्यात दुसरा पेरायचा. इथेच बहुतेकांची चूक होते. पाऊस झाला, वाफसा आला, बियाणे हातात आहे, म्हणून एकदम चार गुंठे मेथी पेरून मोकळे होतात. मग चौथ्या आठवड्यात मेथीच मेथी आणि सहाव्या आठवड्यात वाफा रिकामा. उसाची सगळी लागण एकाच पंधरवड्यात झाली तर तोडणीचे जे होते, तेच हे.

म्हणून गटाने एक वही घालावी. तिच्यात सभासद, वाफा, पीक, पेरणीची तारीख आणि अंदाजे काढणीचा आठवडा एवढेच रकाने असावेत. कोणत्या आठवड्यात पेटीत काय जाईल हे त्या वहीवरून दोन महिने आधी दिसले पाहिजे. गरजेपेक्षा चौथा हिस्सा जास्त पेरावे, कारण अळी, अवकाळी आणि जनावरे यांचा वाटा असतोच. जास्तीचे निघाले तर बाजार आहेच, पण पेटी कमी पडता कामा नये.

आपल्या भागातला ऋतूही मोठा मालक आहे. हिवाळ्यात मेथी, पालक, सांबार, मुळा, गाजर, कोबी, टोमॅटो, वांगी यांनी पेटी आपोआप भरते. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, दोडकी, कारली, अंबाडी साथ देतात. खरी परीक्षा मे-जूनमध्ये. ऊन पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेले की पालेभाजी वाफ्यातच करपते. तेव्हा काकडी, ढेमसे, साठवलेले लाल भोपळे आणि कांदे यांवर थोडे दिवस ओढता येते. त्यापुढे मात्र ताणू नये. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत पेटी उघडपणे बंद ठेवावी आणि तसे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगावे. कारखानासुद्धा बारा महिने चालत नाही, त्यालाही ओव्हरहॉलिंग लागते. बाहेरून भाजी विकत आणून पेटी भरायचा मोह त्याच दिवसांत होतो, आणि एकदा का ती भाजी गिऱ्हाईकाने ओळखली की वर्षाचा विश्वास गेला समजा.

ऊसवाल्यांसाठी खास इशारा

सुरू उसाच्या सरीत पहिले तीन महिने कांदा, मेथी, सांबार घेण्याची आपली जुनी रीत आहे. रीत चांगली आहे, पण त्या उसाला युरिया घातला असेल, तणनाशक मारले असेल, तर ती भाजी सेंद्रिय म्हणून पेटीत घालता येणार नाही. सरी एक, पाणी एक, मग भाजी तेवढी वेगळी कशी?

याहून लपलेला धोका शेजारच्या फडातून येतो. उसातील रुंद पानांच्या तणासाठी मारतात ते '२,४-डी' वाऱ्यावर लांब जाते. टोमॅटो, वांगी, भेंडी आणि आपली कपाशी या पिकांना ते फार लागते. नवी पाने अरुंद होऊन वळतात, शिरा जवळ येतात, शेंडा पिळवटल्यासारखा दिसतो. पुष्कळजण याला बोकड्या समजून भलतेच उपचार करतात. ओळख अशी की, रोग ठिपक्या-ठिपक्यांनी पसरतो, आणि तणनाशकाचा मारा वाऱ्याच्या बाजूच्या धुऱ्याकडून सुरू होऊन आत कमी कमी होत जातो, एकाच वेळी सगळ्या झाडांवर दिसतो. तणनाशकाचा पंप धुऊन त्यानेच भाजीवर निंबोळी अर्क मारला तरी हेच घडते. भाजीचा पंप वेगळाच ठेवावा, आणि उसाच्या बाजूच्या धुऱ्यावर तूर किंवा शेवरीची दाट ओळ उभी करावी. त्या ओळीतले काहीही पेटीत घालू नये.

'सेंद्रिय' हा शब्द पेटीवर लिहायचा तर त्यालाही शिस्त आहे. आपल्यासारख्यांना 'पीजीएस-इंडिया' ही पद्धत सोयीची पडते. जवळपासच्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून त्यांनी एकमेकांची वावरे तपासायची आणि नोंदी ठेवायच्या, असे तिचे स्वरूप आहे. रासायनिक शेतीतून बदलत असताना पूर्ण सेंद्रियचा दाखला लगेच मिळत नाही, मधली वर्षे 'बदलाच्या काळातील' म्हणून जातात. त्या काळात गिऱ्हाईकाला तसेच खरे सांगावे. "दोन वर्षे झाली रासायनिक खत बंद करून, दाखला अजून यायचा आहे" हे ऐकून कोणी पेटी सोडत नाही. खोटे कळले की सोडतात.

तोड ते चूल

तुटलेला ऊस चोवीस तासांत गाळला नाही तर वजन घटते आणि उतारा पडतो, हे आपल्याला पाठ आहे. भाजीला तेवढाही वेळ नसतो. कापलेली पालेभाजी जिवंत असते, श्वास घेते, पाणी सोडते. मुळातून पाणी येणे मात्र बंद झालेले असते. शंभर किलोतले चार-पाच किलो पाणी उडाले की ती माना टाकते, आणि गिऱ्हाईक तिला शिळीच म्हणते.

म्हणून पालेभाजी उजाडताना, दव ओसरल्यावर पण ऊन चढण्यापूर्वी काढावी. दहा वाजता काढलेल्या मेथीच्या अंगात उन्हाची ऊब असते. तशीच गोणीत दाबून भरली तर मधली जुडी दुपारपर्यंत पिवळी पडते. गोणीच्या मध्यात हात घालून पाहावा, गरम लागले तर उशीर झाला आहे. काढलेली भाजी सावलीत पसरावी, मग हवेशीर क्रेटमध्ये सैल भरून वर ओले पोते घालावे. जुडी पाण्यात बुचकळून भरू नये, ओली दाबलेली भाजी सडते. पिकले टोमॅटो किंवा पिकली केळी पालेभाजीच्या क्रेटमध्ये ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून जो वायू सुटतो त्याने पाने लवकर पिवळी होतात.

एक रात्र भाजी ठेवायची वेळ आली तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने शोधलेला विजेशिवायचा थंड हौद बांधावा. विटांचा सुमारे १६५ सेंटिमीटर लांब व ११५ सेंटिमीटर रुंद थर घालून त्यावर दुहेरी भिंत साधारण ६७ सेंटिमीटर उंच घ्यायची. दोन भिंतींमध्ये साडेसात सेंटिमीटर जागा ठेवून तिच्यात वाळू भरायची आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची. वर गवताची ओली झाकण आणि सावलीला छप्पर. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी थंड राहू शकते. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा त्याचा उपयोग फारसा होत नाही.

आणि उतारा मोजावा. आठवड्याला एका जुडीवर खूण करून तिचे वजन वावरात घ्यावे, मग पेटी गिऱ्हाईकाच्या हाती देताना पुन्हा घ्यावे. घट वाढू लागली की चूक काढणीत आहे की वाटेत, ते शोधता येते. भेंडीचे टोक कटकन मोडावे, वांग्याचा देठ हिरवा आणि घट्ट असावा. या दोन खुणा घरातली बाई पेटी उघडताच बघते, तर आपण भरतानाच बघाव्यात.

दर कसा बांधावा

पुन्हा हिशेबासाठीच आकडे धरू. आपापल्या भागाचे आकडे प्रत्येक गटाने स्वतः घालावेत. पेटी ३०० रुपयांची. पाच किलो भाजीचे शेतकऱ्याला सरासरी ३४ रुपये किलोने १७० रुपये. पिशवी व बांधणी १० रुपये. खराब निघालेल्या मालाची भरपाई १५ रुपये. हे १९५ रुपये प्रत्येक पेटीमागे लागणारच.

दुसरा खर्च पेट्या किती याकडे बघत नाही. निवड व भराईची मजुरी आठवड्याला ३,००० रुपये, गाडी ३,५०० रुपये, हिशेब आणि फोन सांभाळणाऱ्याचे २,५०० रुपये, मिळून ९,००० रुपये. प्रत्येक पेटीतून १०५ रुपये या खर्चाकडे येतात. शंभर पेट्यांचे झाले १०,५००. म्हणजे आठवड्याला १,५०० रुपये गंगाजळीत.

आता शंभरातली चौदा घरे गेली असे समजा. राहिलेल्या ८६ पेट्यांचे १०५ रुपयांनी ९,०३० होतात. गंगाजळी संपली, जेमतेम खर्च निघाला. पंधरावे घर गेले की तोटा. पुष्कळांना वाटते की भाजीच्या धंद्यात भाव मारतो. पेटीच्या धंद्यात मारतात ती ही चौदा घरे.

दर हंगामासाठी एकच ठेवावा, दर आठवड्याला बाजार बघून हलवू नये. बाजारात टोमॅटो दहा रुपये झाला की गिऱ्हाईक कुरकुरेल. ऐंशी झाला की आपल्याच गटातला एखादा सभासद क्रेट बाजाराकडे वळवील. दोघांनाही सुरुवातीलाच सांगून ठेवावे की वर्षाचा दर आहे, कधी याला फायदा, कधी त्याला. ऊस गुऱ्हाळाला घालणाऱ्या सभासदाबद्दल आपण काय बोलतो ते आठवावे. तोच नियम इथे. नोंदलेला माल पेटीलाच, आणि पेटीनेही नोंदलेला माल नाकारायचा नाही. शेतकऱ्याचे पैसे त्याच आठवड्यात चुकते करावेत. गिऱ्हाईकाकडून चार आठवड्यांचे आगाऊ घेतलेले असतात, तेव्हा उशिराला सबब नाही.

घरे टिकवायची कशी

महिन्याला शंभरातली पाच घरे गळाली तर विशेष वाटत नाही. पण तसेच चालू राहिले तर वर्षाअखेर मूळची ५४ उरतात. हीच गळती दोनावर ठेवली तर ७८ उरतात. नवे गिऱ्हाईक शोधायला जेवढे फिरावे लागते, त्यापेक्षा कमी कष्टात जुने राहते. म्हणून कोण गेले आणि का गेले, हे वहीत लिहावे.

कारणे बहुधा साधी असतात. पहिले, एकच भाजी. सलग चार आठवडे वांगी आली की पाचव्या आठवड्याला पेटी नको होते. एक फळभाजी सलग दोनपेक्षा जास्त आठवडे घालू नये, आणि ही गोष्ट पेरणीच्या वहीतच सांभाळावी लागते. दुसरे, उरलेली भाजी. तिघांच्या घरात पाच किलो संपत नाही, फेकताना जीव तुटतो, आणि बाई म्हणते, बंदच करा. त्या घराला तीन किलोची लहान पेटी हवी होती. पेटी चालू झाल्यावर चौथ्या आठवड्याला प्रत्येक घरी एक फोन करावा आणि "भाजी कशी वाटली?" असे न विचारता "काय उरले?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सगळे "छान" म्हणतात, दुसऱ्याला खरे सांगतात.

तिसरे कारण गावाला जाणे. दोन दिवस आधी कळवले तर त्या आठवड्याची पेटी थांबवून पैसे पुढे ओढावेत. थांबवायची सोय नसली की लोक कायमचे बंद करतात. प्रत्येक घराला नको असलेल्या दोन भाज्या सांगायची मुभा द्यावी. दोनच. सगळी निवड त्यांच्यावर सोडली तर आपण पुन्हा दुकान झालो आणि वावरातली कारली वावरातच राहिली.

चौथे कारण आपल्या हातात नाही. दारूगोळा भांडारातील आणि रेल्वेतील कुटुंबांच्या बदल्या होतात. ही गळती वेगळ्या रकान्यात लिहावी, म्हणजे उगाच आपल्या भाजीला दोष लागत नाही. बदलून जाणाऱ्या घराला मात्र एक विनंती जरूर करावी : तुमच्या जागी येणाऱ्यांना आमची पेटी सांगा.

आणि कधी माल खराब गेलाच तर गिऱ्हाईक बोलायच्या आधी आपण बोलावे. पेटीत चिठ्ठी घालावी : "परवाच्या पावसाने पालकाला डाग पडला आहे, खायला चांगला आहे, त्याबदली मूठभर सांबार जास्त घातला आहे." पूर्वी वावरातून नातेवाइकांकडे वानोळा जायचा. त्यात किडके वांगे निघाले म्हणून कोणी नाते तोडत नसे, कारण ते कोणाच्या वावरातले हे माहीत असे. म्हणून पेटीवर शेतकऱ्याचे नाव आणि गाव लिहावे.

सुरुवात

पहिल्या हंगामात शंभराच्या मागे लागू नये. गटातल्या सभासदांनी स्वतः भराई करावी, गाडी भाड्याने न घेता पुलगावातच एका ठिकाणी पेट्या ठेवून लोकांना घेऊन जायला सांगावे, आणि तीस-चाळीस घरे एक हिवाळाभर सांभाळून पाहावीत. गाडी आणि मजुरी नसल्याने एवढ्या घरांत तोटा येत नाही. आठवड्यामागून आठवडा वही बरोबर ठरते आहे, ठरलेल्या दिवशी ठरलेली भाजी निघते आहे, असे दिसले की मग वर्ध्याची वाट धरावी.

ज्या सभासदांना गट करावयाचा असेल त्यांनी आधी एकत्र बसून पेरणीची वही आखावी. मेथीचा पहिला अर्धा गुंठा कोणी कोणत्या तारखेला पेरायचा, एवढे ठरले म्हणजे सुरुवात झाली.